फॉस्फोरिक आम्लाचा तक्ता: नागपूरच्या एका लॅबमधल्या नोंदी

४ जानेवारी, शनिवार

विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, लॅबच्या भिंतीवर लावायला एक तक्ता हवा आहे. पीएच ० ते १४ पर्यंत फॉस्फोरिक आम्ल कुठल्या रूपात किती असतं ते त्यावर दिसावं. रूपं चार: H₃PO₄, त्यातला एक हायड्रोजन गेला की H₂PO₄⁻, दुसरा गेला की HPO₄²⁻ आणि तिसराही गेला की PO₄³⁻. हातात आहेत फक्त तीन विचरण स्थिरांक. २५ अंश सेल्सिअसचे आकडे घेतले: K₁ = ७.१ × १०⁻³, K₂ = ६.३ × १०⁻⁸, K₃ = ४.५ × १०⁻¹³. त्यांचे pK, म्हणजे ज्या पीएचला शेजारची दोन रूपं सारखी होतात ते आकडे, अनुक्रमे २.१५, ७.२० आणि १२.३५.

K₃ लिहिताना थोडा थांबलो. लॅबच्या कपाटातल्या एका पुस्तकात ४.२ छापलंय, दुसऱ्यात ४.८. घाबरून दोन्हींचं गणित करून पाहिलं. पीएच १२ ला PO₄³⁻ एकाने ३० टक्के येतं, दुसऱ्याने ३२. भिंतीवरच्या तक्त्यात एवढा फरक रेघेच्या जाडीत बुडून जातो. मधला आकडा घेतला आणि पुढे निघालो.

रीत साधी आहे. पीएचवरून हायड्रोजन आयनांची संहती h काढायची. मग चार संख्या मांडायच्या: h³, K₁h², K₁K₂h आणि K₁K₂K₃. त्यांची बेरीज करायची आणि प्रत्येक संख्येला त्या बेरजेने भागायचं. पहिल्या भागाकारातून H₃PO₄ चा हिस्सा मिळतो, शेवटच्यातून PO₄³⁻ चा. एकूण फॉस्फेट किती घातलंय याचा इथे संबंध येत नाही, ते भागाकारात उडून जातं.

आज हातानेच करायचं ठरवलं. मुलांकडून करून घ्यायचं तर आधी आपल्याला किती वेळ लागतो ते कळायला हवं. महालातून आणलेला आलेख कागद, कॅल्क्युलेटर, आणि पीएचच्या प्रत्येक पूर्णांकाला एक असे पंधरा बिंदू. अडीच तास गेले. त्यातला पाऊण तास पीएच ३ च्या एका घातांकाची चूक शोधण्यात.

चित्र आलं, पण खोटं. पीएच ७ ला H₂PO₄⁻ ६१ टक्के आणि ८ ला १४ टक्के. या दोन बिंदूंना पट्टीने जोडलं तर पन्नास टक्क्यांची रेघ ७.२४ ला कापली जाते. कापायला हवी ७.२० ला. पहिल्या pK पाशीही तसंच, २.१५ च्या जागी २.१८. नेमकं जिथे सगळं पालटतं तिथेच माझ्याकडे बिंदू नव्हते. आणि ४ ते ५ च्या मधे, जिथे काहीच घडत नाही, तिथे मी तेवढ्याच मनोभावे गणित करत बसलो होतो.

५ जानेवारी, रविवार

स्प्रेडशीट. ०.१ च्या पायरीने १४१ ओळी. वरच्या तीन खणांत, B1 ते B3 मध्ये, स्थिरांक. दोन ओळी रिकाम्या सोडल्या आणि सहाव्या ओळीपासून तक्ता सुरू केला. पहिल्या ओळीत सूत्रं लिहिली, खाली ओढली, आलेख काढला.

आलेखात चार आडव्या रेघा.

अगदी सुरुवातीला थोडी गडबड, आणि पीएच ०.५ पासून थेट १४ पर्यंत चार सरळ आडव्या रेघा: ३.६ टक्के, ११.३, २८.४ आणि ५६.७. आम्लात टाका की अल्कलीत, फॉस्फेटला काही फरकच पडत नाही असं चित्र. शेवटच्या रकान्यात मी मोठ्या शहाणपणाने चारही हिश्शांची बेरीज ठेवली होती, पडताळा म्हणून. ती १४१ च्या १४१ ओळींत १.०००.

त्या बेरजेनेच मला फसवलं. बेरीज बरोबर आहे म्हणजे सूत्र बरोबर आहे, तेव्हा आलेखाच्या सेटिंगमध्येच काहीतरी बिघडलं असणार, असं धरून दीड तास आलेखाशी झटत राहिलो. जेवायला बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चार संख्यांना त्यांच्याच बेरजेने भागलं तर उत्तरांची बेरीज एक येणारच, त्या चार संख्या कितीही चुकीच्या असोत. बाजाराच्या पिशवीतल्या सगळ्या भाज्यांचे हिस्से मिळून शंभर टक्केच होतात. पिशवीत मागवलेलीच भाजी आहे का, हे त्यावरून कळत नाही.

खरी चूक डॉलरची. स्थिरांकांच्या खणांना मी `$` लावलंच नव्हतं. सूत्र एक ओळ खाली गेलं की K₁ चा खणही एक ओळ खाली. पहिलीनंतरच्या चार ओळींत ते दुसरेच स्थिरांक नाहीतर रिकामे खण वाचत होतं, म्हणून तिथे सगळं H₃PO₄. पाचव्या ओळीनंतर ते B रकान्यातले h चेच आकडे स्थिरांक म्हणून उचलू लागलं. K₁ म्हणजे पाच ओळी वरचा h, K₂ म्हणजे चार ओळी वरचा, K₃ म्हणजे तीन ओळी वरचा. h आणि हे बनावट स्थिरांक एकाच प्रमाणात घसरत गेले, त्यामुळे भागाकार कुठेच बदलला नाही. आडव्या रेघांचं रहस्य एवढंच.

दुरुस्त सूत्रं अशी:

```
A6: 0
A7: =ROUND(A6+0.1,1)
B6: =10^(-A6)
C6: =B6^3+$B$1*B6^2+$B$1*$B$2*B6+$B$1*$B$2*$B$3
D6: =B6^3/C6
E6: =$B$1*B6^2/C6
F6: =$B$1*$B$2*B6/C6
G6: =$B$1*$B$2*$B$3/C6
```

`A7` मधलं `ROUND` नंतर घातलं. नुसतं ०.१ मिळवत गेलं की ७.४ च्या जागी संगणकाच्या पोटात ७.३९९९९ असं काहीतरी साठतं. पडद्यावर ते ७.४ च दिसतं, पण त्या ओळीतला आकडा शोधायला सांगितला की ‘सापडत नाही’ म्हणतं.

बेरजेचा रकाना पुसून टाकला. आता पडताळा दुसरा ठेवलाय. पीएच ७.२ च्या ओळीत H₂PO₄⁻ आणि HPO₄²⁻ जवळजवळ सारखे यायला हवेत. आले: ५०.०४ आणि ४९.९६. शिवाय H₂PO₄⁻ चा माथा पहिल्या दोन pK च्या बरोबर मधे, ४.६७ च्या आसपास हवा. तोही तिथेच आहे, ९९.४ टक्क्यांवर. K₁ नाहीतर K₂ चुकला तर हे पडताळे लगेच कोसळतात. मी मुद्दाम K₂ चा घातांक बदलून पाहिला. पडताळे कोसळले, तो बेरजेचा रकाना असता तर तसाच हसत उभा राहिला असता.

एक बारीक गोष्ट. आलेखात ‘गुळगुळीत रेघ’ हा पर्याय निवडू नका. बिंदू विरळ असले की ती रेघ माथ्यावर शंभर टक्क्यांच्या वर उडी मारते आणि तळाला शून्याच्या खाली जाते. ०.१ च्या पायरीला सरळ तुकडेच पुरेसे गुळगुळीत दिसतात.

९ जानेवारी, गुरुवार

फ्लेक्स छापून आणला. सीताबर्डीतलं दुकान, तीन फूट बाय दोन फूट, १८० रुपये. काकांनी (आमचे लॅब असिस्टंट, माझ्याहून दहा वर्षं जुने) शिडी लावून टांगला. दुपारच्या बॅचला वाचायला दिला. वाचनाची रीत आधी एका पीएचला हाताने करून दाखवली, म्हणजे तक्ता हे आकाशातून पडलेलं चित्र वाटायला नको.

पीएच ७.४ घेतला. h = ३.९८ × १०⁻⁸. चार संख्या अशा: h³ = ६.३ × १०⁻²³, K₁h² = १.१२५ × १०⁻¹⁷, K₁K₂h = १.७८१ × १०⁻¹⁷, K₁K₂K₃ = २.० × १०⁻²². पहिली आणि चौथी इतरांपुढे लाखाच्या हिशेबात लहान, सोडून दिली तरी चालतं. उरल्या दोन. त्यांची बेरीज २.९०६ × १०⁻¹⁷. म्हणजे H₂PO₄⁻ ३८.७ टक्के आणि HPO₄²⁻ ६१.३ टक्के. तक्त्यावर ७.४ ला पट्टी उभी धरली, तर ३९ आणि ६१. मुलं खूश.

मग त्यांच्याकडून वाचून घेतलं. पीएच ५ ला काय? सगळे म्हणाले, फक्त H₂PO₄⁻. खरं तर ९९.२ टक्के, पण उरलेल्यात HPO₄²⁻ ०.६ टक्के आहे आणि H₃PO₄ ०.१४. तक्त्यावर ते तळाच्या रेघेला चिकटून बसतात. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे तिथेच सांगावं लागलं.

एकाने कोल्ड्रिंकचं विचारलं. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं आणि पीएच साधारण २.५. त्याचा अंदाज होता की एवढ्या आंबट पाण्यात सगळं H₃PO₄ च असणार. तक्ता सांगतो ३१ टक्के. उरलेलं ६९ टक्के आधीच एक हायड्रोजन सोडून बसलेलं H₂PO₄⁻ आहे. मुलाने दोनदा पट्टी धरून पाहिली. मलाही हे वाचन आवडलं. ‘आम्ल आहे म्हणजे आम्लाच्याच रूपात असेल’ हा समज एका उभ्या रेघेत मोडतो.

जाता जाता मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तक्त्यात दोन्ही फॉस्फेट ७.२ ला सारखे होतात. पण माझ्या पीएच पेनसोबत जी पुडी आली, तिच्यावर ६.८६ लिहिलंय. आणि प्रॅक्टिकलच्या पुस्तकात त्या बफरमध्ये दोन्ही फॉस्फेट सारखेच दिलेत.”

मी म्हटलं, उद्या सांगतो.

१० जानेवारी, शुक्रवार

उद्या सांगतो म्हटलं खरं, पण ती बरोबर बोलतेय. स्वस्त पेनांसोबत तीन पुड्या येतात: ४.००, ६.८६ आणि ९.१८. मधली फॉस्फेटची. तिचं प्रमाण जगजाहीर आहे, KH₂PO₄ ०.०२५ आणि Na₂HPO₄ ०.०२५, अगदी समसमान. जगभरची पीएच मीटर ज्या बफरवर लावली जातात तो ६.८६ वर उभा, आणि माझा १८० रुपयांचा फ्लेक्स म्हणतो ७.२०. दोघांत जो कोणी चुकतोय तो फ्लेक्सच असणार.

फिजिकल केमिस्ट्री शिकवणाऱ्या मॅडमना स्टाफरूममध्ये गाठलं. त्यांनी फार वेळ घेतला नाही. “तुमचे स्थिरांक अनंत विरल द्रावणाचे आहेत. पुडीतलं पाणी आयनांनी भरलेलं आहे. पण आधी मोजून तर बघा.”

मोजायचं ठरलं, तेव्हा काकांनी अडवलं. “सर, मीटर कायनं लावता तुम्ही? त्याच फॉस्फेटच्या गोळीनं लावाल अन् मग तेच फॉस्फेट मोजाल, तर ते आकडा देणारच न.” खरंच. आपल्याच पट्टीने आपलीच पट्टी मोजायला निघालो होतो. मीटर ४.०१ च्या थॅलेट बफरवर आणि ९.१८ च्या बोरॅक्सवर लावायचं, फॉस्फेटला लांब ठेवायचं.

१८ जानेवारी, शनिवार

संक्रांतीच्या धांदलीत आठवडा गेला. आज लॅब रिकामी, पाण्याचं तापमान २४ अंश, म्हणजे स्थिरांकांच्या तापमानाच्या जवळच. हेच काम एप्रिलवर ढकललं असतं तर नागपुरात ते ३५ ला करावं लागलं असतं आणि बोरॅक्सचा आकडाही ९.१० पर्यंत सरकला असता.

एक लिटरला KH₂PO₄ ३.४० ग्रॅम आणि Na₂HPO₄ ३.५५ ग्रॅम तोललं. दोन्ही ०.०२५ मोल. उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं, इलेक्ट्रोड बुडवला. ६.७८.

तक्ता म्हणतो ७.२०, पुडी म्हणते ६.८६, आणि माझं तिसरंच. मीटर पुन्हा लावलं, पुन्हा ६.७८. इलेक्ट्रोड धुतला, तरी ६.७८. एक तास असा गेला. शेवटी काकांनी बाटली उजेडाकडे धरली. “हे पाण्याचं मीठ हाय का पाहा न सर.” लेबलावर बारीक अक्षरात डायहायड्रेट. त्या मिठाच्या प्रत्येक मोलसोबत दोन मोल पाणी, म्हणजे रेणूभार १४२ नव्हे, १७८. मी ३.५५ ग्रॅममध्ये ०.०२५ नव्हे, ०.०२० मोल घातले होते. HPO₄²⁻ पाचव्या हिश्शाने कमी पडलं. त्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम उणे ०.१०, जवळजवळ तेवढाच पीएच खाली. चूक होती, पण गणितात नीट बसणारी, म्हणून उलट धीर आला.

४.४५ ग्रॅम तोलून पुन्हा केलं. ६.८६. दहा मिनिटांनी ६.८७. पुडी खरी, मुलगी खरी.

मग मॅडमनी सांगितलेली दुसरी गोष्ट केली: याच द्रावणाचे शंभर मिली घेऊन लिटरभर केले. दोन्ही फॉस्फेट अजूनही समसमान, फक्त दहापट पातळ. जुन्या तक्त्याप्रमाणे पीएच जराही हलायला नको. मीटर वर चढत गेलं आणि ७.०६ ला थांबलं.

खुर्चीत बसून पाहत राहिलो. नुसतं पाणी घातलं आणि आम्ल-अल्कलीचं गुणोत्तर न बदलता पीएच ०.२ ने वर, तक्त्यातल्या ७.२० च्या दिशेने. म्हणजे तक्ता खोटा नव्हता. तो ज्या पाण्याबद्दल बोलत होता ते पाणीच आमच्या लॅबमध्ये कुणी वापरत नाही.

शंभरपट पातळही करून पाहिलं. हिशेबाने ७.१५ यायला हवं. मीटर ६.९ आणि ७.० च्या मधे भटकत राहिलं, स्थिर झालंच नाही. एवढ्या पातळ बफरमध्ये दम राहत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइडच त्याला खाली ओढतो. ते वाचन वहीत लिहिलं आणि समोर काट मारली.

२१ जानेवारी, मंगळवार

आज कागदावर कारण उतरवलं. मॅडमनी तासभर दिला, चहा माझ्याकडून.

H₂PO₄⁻ वर एक ऋणभार आहे, HPO₄²⁻ वर दोन. पाण्यात सोडियम-पोटॅशियमची गर्दी झाली की ते ऋण आयनांभोवती घोटाळतात आणि त्यांना तिथे राहणं सोपं करतात. दोन भारवाल्याला हा आधार एक भारवाल्याच्या चौपट, कारण परिणाम भाराच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे H₂PO₄⁻ आपला हायड्रोजन एरवीपेक्षा जरा लवकर सोडतं आणि दोघं सारखे होण्याची जागा डावीकडे सरकते.

किती सरकते ते काढायला आयनिक स्ट्रेंथ लागते: प्रत्येक आयनाची संहती गुणिले त्याच्या भाराचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, त्याच्या निम्मं. आमच्या द्रावणात KH₂PO₄ मुळे ०.०२५ आणि Na₂HPO₄ मुळे ०.०७५, एकूण बरोबर ०.१. मग डेव्हिसचं समीकरण, जे एका भाराच्या आयनासाठी अ‍ॅक्टिव्हिटी गुणांकाचा, म्हणजे गर्दीत आयन किती मोकळा वागतो त्या आकड्याचा, लॉगॅरिथम देतं:

```
=-0.509*(SQRT(I)/(1+SQRT(I))-0.3*I)
```

(इथे `I` च्या जागी आयनिक स्ट्रेंथचा खण द्यायचा.) ०.१ ला उत्तर उणे ०.१०७. दोन भाराला त्याच्या चौपट, तीन भाराला नऊपट. आता pK ची सरक म्हणजे दोन शेजाऱ्यांमधला फरक. पहिल्यासाठी एक वजा शून्य, म्हणजे एक पट. दुसऱ्यासाठी चार वजा एक, तीन पट. तिसऱ्यासाठी नऊ वजा चार, पाच पट. एक, तीन, पाच. हे इतकं सुरेख निघालं की मी फळ्यावरून पुसलंच नाही, दुसऱ्या दिवशीच्या बॅचलाही तसंच दिसलं.

आकड्यांत: pK₁ २.१५ वरून २.०४. pK₂ ७.२० वरून ६.८८. pK₃ १२.३५ वरून ११.८१. मधला आकडा पुडीच्या ६.८६ पासून फक्त ०.०२ लांब. आणि दहापट पातळ द्रावणासाठी, आयनिक स्ट्रेंथ ०.०१ धरून, समीकरण ७.०७ देतं. मी मोजलं होतं ७.०६.

२५ जानेवारी, शनिवार

नवा तक्ता. त्याच शीटमध्ये शेजारी आणखी चार रकाने, तीच सूत्रं, फक्त सरकलेले स्थिरांक. h मात्र मीटरवरच्या पीएचवरूनच घ्यायचा, त्याला वेगळी दुरुस्ती लावायची नाही. सरकलेले pK त्या पीएचशीच जुळवलेत. हे न समजल्याने मी एकदा दोनदा दुरुस्ती लावली आणि मधली काट ६.७७ ला गेली. मोजलेला आकडा हाताशी होता म्हणून लगेच पकडलं गेलं.

आता अखंड रेघा अगदी पातळ पाण्यासाठी आणि तुटक रेघा ०.१ आयनिक स्ट्रेंथसाठी. आठ रेघा एका चित्रात गिचमिड करतील अशी भीती होती, पण एका रूपाला एकच रंग ठेवला तर डोळा वाचतो. पहिल्या छपाईत रंग वेगवेगळे ठेवून पाहिले होते, ते मुलांना कळले नाहीत. साध्या कागदावर काढली होती म्हणून नुकसान वीस रुपयांचंच.

जुनीच वाचनं पुन्हा घेतली:

पीएच ७.४ ला HPO₄²⁻ अखंड रेघेवर ६१ टक्के, तुटक रेघेवर ७७. बफर बनवणाऱ्याने पहिला आकडा धरला तर त्याचं बफर ७.४ ला येणार नाही, ७.१ च्या आसपास अडकेल. दरवर्षी आमच्याकडे हेच होतं, आणि मग थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालत बसायचं. आम्ही दोष आजवर जुन्या मिठाला देत आलो.

पीएच ५ ला काही फरक नाही. ९९.२ चे ९८.६ होतात. माथ्याच्या सपाट भागात वाचन करणाऱ्याला आयनिक स्ट्रेंथची चिंता नको. ती चिंता रेघा जिथे उतारावर आहेत तिथलीच.

कोल्ड्रिंकच्या २.५ ला ३१ चे २६. पण कोलातलं आम्ल फार थोडं असतं, तिथे अखंड रेघच जवळची. दोन्ही रेघा भिंतीवर असल्या की कुठली वापरायची हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात, ते मला जास्त आवडलं.

पीएच १२ ला मात्र चित्रच बदलतं. PO₄³⁻ ३१ टक्क्यांवरून ६१ वर. पाच पट सरकीचा हा परिणाम.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा फ्लेक्स लावला. आणखी १८० रुपये. जुना फ्लेक्स काकांनी घरी नेला, कूलरवर टाकायला.

पीएच १२ कडचा भाग मोजून पडताळायचा होता, जमलं नाही. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच वर नेला की द्रावणात सोडियम भरमसाट होतं, आणि आमचा साधा काचेचा इलेक्ट्रोड त्या पट्ट्यात सोडियमलाच थोडंफार हायड्रोजन समजतो आणि पीएच कमी दाखवतो. दोन प्रयत्नांत दोन वेगळे आकडे आले. त्यातून डेव्हिसचं समीकरण तीन भाराच्या आयनासाठी तसंही ढोबळ. म्हणून तुटक रेघा पीएच ११ च्या पुढे फिक्या करून छापल्यात आणि खाली लिहिलंय: ‘हा भाग हिशेबाचा आहे, मोजलेला नाही.’

एका बॅचने घाईत नळाच्या पाण्यात द्रावण करून पीएच वर नेला, तर बीकरमध्ये पांढरं गढूळ. पाण्यातलं कॅल्शियम फॉस्फेटला घेऊन खाली बसलं. तक्त्यात कॅल्शियम कुठेच नाही, त्यामुळे त्या बीकरबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. ‘डिस्टिल्ड पाणी’ हे दोन शब्द त्याच ओळीत मार्करने वाढवले.

दुपारी ती मागच्या बाकावरची मुलगी पेन घेऊन आली. तुटक रेघांची काट कुठे आहे ते पट्टीने पाहिलं, मग हातातली पुडी पाहिली, आणि विचारलं, “सर, ६.८८ आहे. पुडीवर ६.८६. हे ०.०२ कुठे गेलं?”

डेव्हिसचं समीकरण अंदाजाचं आहे, त्याची ऐपत एवढीच, हे सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

एकूण हिशेब: फ्लेक्स ३६०, कागद-छपाई ६५, मीठ लॅबचंच. वेळ मोजला तर साधारण सोळा तास, त्यातले अडीच एका डॉलरच्या चिन्हात आणि दोन रेणू पाण्यात गेले.